प्रश्नावलीच्या कोपऱ्यातील क्रमांक
(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गर्भनिरोधविषयक ज्ञानाचे सर्वेक्षण आखताना)

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत असा प्रस्ताव आला की, गोडादरा, लिंबायत व डिंडोली या परिसरातील महाविद्यालयीन मुलामुलींना गर्भनिरोधाविषयी नेमके काय ठाऊक आहे, याची पाहणी मंडळाने करावी. प्रस्ताव सर्वांना पटला आणि आखणीचे काम माझ्याकडे आले. एका उत्साही मित्राने तिथेच सुचविले, "पन्नास प्रश्न काढा, गुगल फॉर्म करून मुलांच्या ग्रुपवर टाका, आठ दिवसांत काम संपेल." मी मात्र तीन महिन्यांची मुदत मागितली. इतका वेळ कशाला, असा भाव अनेकांच्या चेहऱ्यावर दिसला. त्याचे उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महाविद्यालयात आरोग्यविषयक माहितीची अशीच एक पाहणी झाली. प्रश्नावलीचा मसुदा माझ्याच हस्ताक्षरातला होता. अर्धवट भरलेले कागद परत देता यावेत, या सद्हेतूने मी प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात हजेरीपटावरील क्रमांक लिहिण्यास सांगितले होते. कागद वर्गप्रतिनिधीने गोळा केले. ज्ञानाच्या प्रश्नांच्या शेवटी, सहज म्हणून, "यांपैकी कोणते साधन आपण वापरले आहे काय?" असाही एक प्रश्न मी घातला होता. एका मुलीने प्रामाणिकपणे उत्तर दिले. ते उत्तर गोळा करणाऱ्याच्या दृष्टीस पडले, चार दिवसांत वर्गात पसरले आणि आठवड्याभरात घरापर्यंत पोहोचले. त्यानंतर ती मुलगी महाविद्यालयात आली नाही. आमच्या अहवालात मात्र प्रतिसादाचे प्रमाण उत्तम असल्याचा उल्लेख होता. कोणाच्याही मनात कपट नव्हते, तरीही कोपऱ्यातील त्या क्रमांकाने एका मुलीचे शिक्षण थांबविले. या लेखातील बहुतेक सूचना त्या एका क्रमांकातून निघालेल्या आहेत.

'ऐकले आहे' आणि 'ठाऊक आहे'

प्रथम आपण काय मोजणार आहोत, ते ठरविले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) गर्भनिरोधाच्या एखाद्या तरी आधुनिक साधनाचे नाव ठाऊक असणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आढळले. मग आपण आणखी पाहणी कशासाठी करावी? कारण तिथला प्रश्न साधनाविषयी ऐकले आहे काय, एवढाच असतो. राष्ट्रीय पातळीवर तो आवश्यकही आहे. परंतु नाव ऐकलेली व्यक्ती ते साधन योग्य रीतीने वापरू शकेल, असे त्यावरून ठरत नाही.

आपल्या भागात ही अडचण 'गोळी' या एका शब्दातच पाहावयास मिळते. औषधाच्या दुकानात आणि मैत्रिणींच्या बोलण्यात 'गोळी' म्हणजे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे माला-एन सारखी रोज घ्यावयाची गोळी. दुसरी, सरकारी कार्यक्रमात 'छाया' या नावाने मिळणारी सेंटक्रोमॅनची गोळी. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. तिसरी, संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, अशी घ्यावयाची लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी. ती चिठ्ठीशिवाय देण्यास 2005 साली परवानगी मिळाली. चौथी गोष्ट म्हणजे गर्भपाताची औषधे, मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल. ती गर्भनिरोधक नव्हेतच आणि कायद्याने नोंदणीकृत वैद्यकांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. "गर्भनिरोधक गोळीविषयी आपण ऐकले आहे काय?" या प्रश्नाला चौघी 'होय' म्हणतील आणि चौघींच्या मनात चार निराळ्या गोळ्या असतील. आपला तक्ता मात्र शंभर टक्के ज्ञान दाखवील.

म्हणून प्रश्न ठोस विधानांच्या रूपात घालावेत. उदाहरणार्थ: "पाळी चुकल्यानंतर तातडीची गोळी घेतली तर राहिलेला गर्भ पडतो." हे विधान चूक आहे. तातडीची गोळी मुख्यत्वे बीजकोशातून बीज बाहेर पडणे लांबविते. रुजलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. ज्या मुलीला हे ठाऊक नाही ती पाळी चुकल्यावर गोळी घेऊन निर्धास्त राहते आणि आपल्यापैकी कोणाकडे तरी चौथ्या महिन्यात येते. या एका विधानाचे उत्तर कळले, तर पुढील व्याख्यानात काय सांगावयाचे ते आपल्याला कळेल.

विधाने रचताना

मी सोळा विधानांचा मसुदा केला आहे. प्रत्येकापुढे 'बरोबर', 'चूक' आणि 'माहीत नाही' असे तीन चौकोन आहेत. तिसरा चौकोन सौजन्य म्हणून ठेवलेला नाही. तो नसेल तर ज्याला काहीच ठाऊक नाही असा विद्यार्थीही नाणे उडवून सोळांपैकी सरासरी आठ उत्तरे बरोबर देईल आणि आपण अहवालात 'मध्यम ज्ञान' असे लिहून मोकळे होऊ. शिवाय सोळांपैकी आठ विधाने खरी व आठ खोटी ठेवली आहेत. मोठ्या माणसांनी पुढे ठेवलेल्या कागदावर 'बरोबर' अशी खूण करीत जाण्याकडे मुलांचा कल असतो. सगळीच विधाने खरी ठेवली, तर न वाचता खुणा करणारा विद्यार्थी सर्वांत विद्वान ठरेल. गुण मोजताना चूक उत्तर आणि 'माहीत नाही' या दोहोंना शून्य द्यावे, परंतु अहवालात ती दोन निराळ्या रकान्यांत दाखवावीत. ज्याला माहीत नाही त्याला माहिती दिली की पुरते. ज्याला चुकीचे ठामपणे ठाऊक आहे त्याची समजूत आधी सोडवावी लागते.

एका विधानात एकच गोष्ट असावी. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, "रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या परिणामकारक असून लैंगिक आजारांपासूनही संरक्षण देतात." पहिला भाग खरा आहे, दुसरा खोटा. 'चूक' अशी खूण करणाऱ्याने नेमके कशाला चूक म्हटले, हे कोणालाही सांगता येणार नाही. आता त्याची दोन विधाने केली आहेत.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक आहे. येथील पुष्कळ घरे धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, आणि मित्रांत हिंदी, अशी मुलांची बोली तीन ठिकाणी विभागलेली असते. 'कुटुंब नियोजन' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर केवळ शस्त्रक्रिया येते. नुसता 'संबंध' हा शब्द नात्यागोत्याचाही अर्थ देतो, म्हणून 'शरीरसंबंध' असे स्पष्ट लिहावे लागते. आणि 'पाळी' म्हटले की यंत्रमागाच्या कारखान्याची दिवसपाळी-रातपाळी ज्या वस्तीत आधी आठवते, तिथे 'मासिक पाळी' असा पुरा शब्दच योग्य. मूळ मराठी मसुद्याचे गुजराती व हिंदी भाषांतर एकाने करावे आणि मूळ मसुदा न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मराठीत आणावे. दोन्ही मराठी मसुदे शेजारी ठेवले की जिथे अर्थ सरकला ती जागा लगेच दिसते. त्यानंतर आठ-दहा विद्यार्थ्यांसमोर एकेक विधान ठेवून, "हे वाचून तुम्हांला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा", असे विचारावे. येथे उत्तर बरोबर की चूक याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. फक्त विधान कळले की नाही, एवढेच पाहावयाचे.

तीन भाषांच्या तीन स्वतंत्र पुस्तिका छापण्याचा माझा विचार होता; तो सोडून दिला. साठ जणांच्या वर्गात मराठी पुस्तिका मागणारे चौघेच असतील, तर त्यांच्या पुस्तिका गठ्ठ्यातही वेगळ्या ओळखू येतील. म्हणून एकाच पुस्तिकेत प्रत्येक विधान तिन्ही भाषांत एकाखाली एक छापावे. पाने वाढतात, परंतु कोणी काय वाचले ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

वर्तनाचा प्रश्न का नको?

"आपण साधन वापरले आहे काय?" हा प्रश्न या पाहणीत असणार नाही. आपला विषय ज्ञानाचा आहे आणि त्यासाठी वैयक्तिक आयुष्यात डोकावण्याची गरज नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण कायद्याचे आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मग संमती असो वा नसो. आणि असा प्रकार कळल्यास तो पोलिसांना कळविणे कलम 19 अन्वये बंधनकारक आहे. एकीकडे गुप्ततेचे वचन द्यावयाचे आणि दुसरीकडे कळविण्याचे कर्तव्य पत्करावयाचे, अशा कात्रीत आपण स्वतःहून शिरू नये.

ज्यांना वर्तनाचा अभ्यास करावयाचाच असतो त्यांनी यासाठी किती कष्ट घेतले, ते पाहण्यासारखे आहे. 2006-07 मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी केली. तीत मुलाखतीच्या अखेरीस विवाहपूर्व संबंधांविषयीचे उत्तर एका कार्डावर खुणेने नोंदवून, लिफाफ्यात घालून, तो बंद करूनच परत द्यावयाची सोय होती. तोंडी मुलाखतीत 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींनी बंद लिफाफ्यात 'होय' लिहिले. पुण्यात पोतदार व कोएनिग यांनी महाविद्यालयीन तरुण आणि झोपडवस्तीतील तरुण अशा दोन गटांत विचारण्याच्या पद्धतींची तुलना केली; तो अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. कानाला हेडफोन लावून संगणकावर स्वतःच उत्तर देण्याच्या पद्धतीत महाविद्यालयीन तरुणांनी अधिक मोकळेपणाने माहिती दिली. वस्तीतील तरुणांत मात्र तसा सरळ फायदा दिसला नाही. तेव्हा कोणती पद्धत आडपडदा दूर करील, हे समोरच्या मुलांवर अवलंबून असते, आणि ते आधी लहान प्रमाणावर तपासावे लागते. या दोन्ही अभ्यासांतून मला आणखी एक गोष्ट जाणवली. गुप्तता ही केवळ नीतीची अट नसून मापनाचीही अट आहे. मुलाला आपला कागद कोणी पाहील अशी शंका आली की तो जे ठाऊक आहे तेही 'माहीत नाही' म्हणून टाकतो. आणि मुलगी तर हमखास टाकते, कारण आपल्याकडे या विषयातले ज्ञान हाच अनुभवाचा पुरावा मानला जातो.

संमती कोणाची, आणि कशी?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील सहभागींसाठी पालकांची संमती आणि त्यांची स्वतःची अनुमती अशा दोन्ही गोष्टी लागतात. पालकांच्या संमतीतून सूट देण्याचा विचार नीतिसमिती विशिष्ट परिस्थितीत करू शकते. परंतु आपल्याला तो वाद ओढवून घेण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची बरीच मुले असतात, म्हणून आपण दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचेच वर्ग घ्यावेत आणि तरीही पहिला प्रश्न "आपण वयाची 18 वर्षे पूर्ण केली आहेत काय?" हाच ठेवावा.

प्राचार्यांची परवानगी ही वर्गात प्रवेश करण्याची परवानगी होय. तिला विद्यार्थ्याची संमती समजू नये. वरील तत्त्वांत विद्यार्थ्यांची गणना, वरिष्ठांच्या दबावाखाली येऊ शकणाऱ्या, म्हणून विशेष संरक्षणास पात्र अशा गटात केलेली आहे, ती उगाच नव्हे. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत ते प्राध्यापक दाराशी उभे असताना 'मला भाग घ्यावयाचा नाही' असे म्हणणारा विद्यार्थी विरळाच.

आता सहीचा प्रश्न. संमतिपत्रावर सही घेणे हा आपला नेहमीचा शिरस्ता. परंतु प्रश्नावलीवर कोठेही नाव नसताना, सही केलेले संमतिपत्र हाच त्या विद्यार्थ्याने भाग घेतल्याचा एकमेव पुरावा उरतो. जी गोष्ट त्याच्या रक्षणासाठी आहे तीच त्याची ओळख पटविते. म्हणून सहीऐवजी माहितीपत्रक वाचून दाखवावे आणि भरलेली पुस्तिका पेटीत टाकणे हीच संमती मानावी, अशी विनंती आपण नीतिसमितीला करणार आहोत. ही सवलत आपण आपल्या अधिकारात घेऊ शकत नाही. ती समितीनेच द्यावयाची असते. आणि ही समिती म्हणजे आपल्या मंडळातील पाच ज्येष्ठ नव्हेत. 2019 च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी झालेली, बाहेरील अध्यक्ष, कायदेतज्ज्ञ व सामान्य नागरिक असलेली समिती लागते. अशी समिती असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडेच आपल्याला जावे लागेल. समितीची मान्यता येईपर्यंत एकही पुस्तिका, अगदी चाचणीसाठीसुद्धा, वाटावयाची नाही.

माहितीपत्रक एका पानाचे असावे. विषय कोणता, वेळ किती, नाव लिहावयाचे नाही, एखादे विधान सोडता येते, संपूर्ण पुस्तिका कोरी टाकता येते आणि त्याचा गुणांशी वा हजेरीशी काहीही संबंध नाही, एवढे त्यात पुरे. एक वाक्य मी मुद्दाम घातले आहे: "एकदा पेटीत टाकलेली पुस्तिका परत काढून देता येणार नाही, कारण ती कोणाची हे आम्हांलाच कळणार नाही." माघार घेण्याचा हक्क कोठे संपतो, ते आधी सांगितलेले बरे.

वर्गातील ती वीस मिनिटे

एका वर्गाची कल्पना करू. साठ विद्यार्थी, त्यांपैकी चोवीस मुली. प्राध्यापक परिचय करून देतात आणि खोलीबाहेर जातात. हजेरी घेतली जात नाही. एका बाकावर एकच विद्यार्थी बसतो. त्यासाठी मोठी खोली किंवा दोन खोल्या घ्याव्या लागतात. सर्वांना एकाच रंगाची पेने, एकसारख्या पुस्तिका आणि अपारदर्शक लिफाफे दिले जातात. पुस्तिकेच्या शेवटच्या दोन पानांवर अंकांची कोडी आहेत. ज्याला भाग घ्यावयाचा नाही, किंवा ज्याला 18 वर्षे पूर्ण नाहीत, त्याने कोडी सोडवावीत. दुरून पाहणाऱ्याला सर्वच जण खाली मान घालून लिहिताना दिसतात. वीस मिनिटे झाल्यावर सर्वजण एकाच वेळी उठून लिफाफा बंद पेटीत टाकतात. लवकर उठण्याची परवानगी नाही. कारण तिसऱ्या मिनिटाला उठलेला विद्यार्थी 'नाही' म्हणाला, हे सर्वांना कळते.

स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावयाचा एकही प्रश्न नाही. हस्ताक्षर ही सहीच असते. आणि खोलीत मी नसेन. त्या बाकांवर बसलेल्या काही मुलांना लहानपणी मीच लसी टोचलेल्या आहेत; त्यांच्या आया आजही भावंडांना घेऊन माझ्याकडे येतात. आपल्यापैकी गोडादऱ्यात दवाखाना असलेल्या कोणीही त्या खोलीत जाऊ नये. शहराच्या दुसऱ्या भागातील एक पुरुष व एक स्त्री असे दोघे प्रशिक्षित सहकारी पुरेत.

गुगल फॉर्म का नको, हेही येथेच सांगतो. 'एकाने एकदाच उत्तर द्यावे' ही सोय चालू केली की विद्यार्थ्याला आपल्या ईमेल खात्यातून आत यावे लागते. ती बंद ठेवली तर एकच जण दहादा उत्तर देऊ शकतो. ईमेल नोंदविण्याचा पर्याय एखाद्याने चुकून चालू ठेवला तर सारेच ओम् फस्! आणि समजा हे सर्व सांभाळले, तरी पुष्कळ घरांत फोन भावंडांत मिळून एकच असतो. मुलगी फॉर्म भरीत असताना भाऊ खांद्यावरून पाहतो. वर्गातील बाकावर निदान ती वीस मिनिटे तिची स्वतःची असतात.

नाव नसतानाही ओळख पटते

पुस्तिकेच्या आरंभी आपण वय, लिंग, धर्म, जात, मूळ गाव, माध्यम, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय असे रकाने सवयीने छापतो. त्याच वर्गातील चोवीस मुली पुन्हा घेऊ. त्यांपैकी समजा तिघी विवाहित आहेत, आणि त्या तिघींत बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एकच. लिंग, वैवाहिक स्थिती व माध्यम या तीन खुणा कागदावर असतील, तर नाव न लिहिताही तो कागद तिचाच असल्याचे सारा वर्ग सांगू शकतो. म्हणून प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा: या माहितीवाचून आपला कोणता निष्कर्ष अडेल? या गाळणीतून माझ्याकडे तीनच रकाने उरले: लिंग, दुसरे वा तिसरे वर्ष, आणि विज्ञान शाखा आहे की नाही. अहवालातील कोणत्याही चौकटीत पाचांहून कमी व्यक्ती येत असतील तर ती चौकट शेजारच्या चौकटीत मिसळावी. महाविद्यालयनिहाय किंवा वर्गनिहाय निष्कर्ष कोणालाही, प्राचार्यांनाही, दिले जाणार नाहीत, हे परवानगी मागतानाच लेखी कळवावे. पुढे मागणी आली की नकार देणे अवघड जाते. जी माहिती आपण गोळाच केली नाही ती मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी देता येत नाही.

किती विद्यार्थी हवेत?

तातडीच्या गोळीविषयीचे विधान किती जणांना बरोबर ठाऊक असेल, याचा अंदाज नसल्याने ते प्रमाण 50 टक्के धरावे. या गृहीतात नमुना सर्वांत मोठा लागतो, म्हणजे आपण सुरक्षित बाजूस राहतो. उत्तरात पाच टक्क्यांची मागेपुढे तफावत चालत असेल तर नेहमीच्या सूत्राने 1.96 × 1.96 × 0.5 × 0.5 भागिले 0.05 × 0.05, म्हणजे सुमारे 384 विद्यार्थी येतात. अनेक प्रबंध येथेच थांबतात. परंतु आपण विद्यार्थी एकेक करून निवडत नाही, संपूर्ण वर्ग घेतो. एका वर्गातील मुलांनी एकाच शिक्षकाकडून ऐकलेले असते, त्यामुळे त्यांची उत्तरे एकमेकांसारखी असतात आणि साठ मुलांकडून साठ स्वतंत्र साक्षी मिळत नाहीत. त्यासाठी दीडपट करून 576. दहा टक्के पुस्तिका कोऱ्या येतील असे धरले तर 640. म्हणजे साठांचे अकरा वर्ग. कोऱ्या पुस्तिकांची संख्या अहवालात अवश्य द्यावी. अकरा वर्गांत एकही कोरी पुस्तिका आली नाही, तर आनंद न मानता, नकार देण्याचे स्वातंत्र्य मुलांना खरोखर वाटले होते काय, अशी शंका घ्यावी.

त्याआधी दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात तीस जणांवर चाचणी करावी. जवळजवळ सर्वांनी बरोबर सांगितलेले विधान काहीच वेगळे दाखवीत नाही, ते बदलावे. तीच पुस्तिका दोन आठवड्यांनी पुन्हा भरून उत्तरे स्थिर राहतात काय, हेही पाहावयाचे असते. पण नाव नसताना दोन पुस्तिका जुळवाव्यात कशा? त्यासाठी एका डब्यात एकेका क्रमांकाच्या दोन-दोन चिकटपट्ट्या असलेल्या चिठ्ठ्या ठेवाव्यात. विद्यार्थी न पाहता एक चिठ्ठी उचलतो, एक पट्टी पहिल्या पुस्तिकेवर लावतो आणि दुसरी स्वतःजवळ ठेवतो. कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी जगात कोठेही नसते. ज्याची पट्टी हरवली त्याची जोडी सोडून द्यावी.

पाहणी संपल्यावर

एक गोष्ट बहुधा विसरली जाते. आपण आठ खोटी विधाने छापून साडेसहाशे मुलांच्या हाती दिलेली असतात. काही आठवड्यांनी 'हे कोठेतरी वाचले होते' एवढेच लक्षात राहते आणि खोटे विधान डॉक्टरांच्या कागदावरचे सत्य होऊन बसते. म्हणून खरी उत्तरे देणे हे आपले कर्तव्य आहे. ती त्याच तासाला दिली तर पुढच्या वर्गाला आधीच कळतील. तेव्हा अकराही वर्ग दोन दिवसांत उरकून दुसऱ्या दिवशी अखेरीस सर्वांना एकत्र उत्तरे सांगावीत. पत्रक मात्र घरी देऊ नये. मुलीच्या दप्तरात सापडलेले ते पत्रक तिला कोणत्या प्रश्नांना तोंड द्यावयास लावील, याचा विचार करावा. उत्तरे पडद्यावर दाखवून समजावून सांगावीत, आणि समुपदेशन कोठे मिळते तो पत्ता महाविद्यालयाच्या फलकावर, रक्तदान व दंतचिकित्सेच्या सूचनांच्या शेजारी, लावावा.

र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. या विषयावर उघड बोलण्यापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. त्यांच्या मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरे छापली जात. समोरासमोर जे विचारण्याचे धाडस कोणी केले नसते ते लोक पत्रातून विचारीत. शंभर वर्षांनंतरही मुलांच्या मनातील शंका कागदावर उतरावयाच्या, तर तो कागद तितकाच सुरक्षित असावा लागतो.

मसुदा पक्का करताना मी प्रत्येक पानाला एक साधी कसोटी लावली आहे. ही भरलेली पुस्तिका पेटी नेताना गोडादऱ्याच्या रस्त्यावर पडली आणि नेमकी त्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्याने उचलली, तर ती कोणाची हे त्याला ओळखता येईल काय? ज्या रकान्यामुळे उत्तर 'कदाचित' असे आले तो रकाना मी काढून टाकला. मसुदा आता मंडळाच्या सदस्यांसमोर आहे. याच कसोटीने आपणही तो तपासावा आणि जिथे खटकेल तिथे समासात खूण करावी, ही विनंती. सर्वांच्या सूचना आल्यानंतरच तो नीतिसमितीकडे जाईल.